खाडा आणि तिकीट

आमच्या मेसवाल्या शैलाकाकूंचा नियम होता, आदल्या दिवशी सांगितलं तरच खाडा धरणार. खाड्याच्या दिवसाचे वीस रुपये महिन्याच्या बिलातून कमी व्हायचे. म्हणून मी दर शनिवारी सकाळीच नाशिकहून सटाण्याला घरी पळायची आणि दोन दिवसांचे चाळीस वाचवले म्हणून मिरवायची. हॉस्टेल, मेस, पुस्तकं, प्रवास, सगळं बाराशेत बसवणारी मीच काय ती शहाणी!

एकदा रूममेट वल्लरीनं विचारलं, "आणि एसटीचं तिकीट?"

जाऊन-येऊन ऐंशी रुपये. खाडा मी मेसच्या हिशोबात धरत होते, तिकीट प्रवासाच्या. दोघांची कधी गाठच पडली नव्हती. स्वतःचाच इतका राग आला की त्या शनिवारी घरी गेलेच नाही.

रविवारी दुपारी हॉस्टेलच्या फाटकाशी माझे वडील, अण्णा, उभे, हातात डबा.

"का गं, आली नाहीस?"

मी चिडचिडत हिशोब सांगितला. अण्णा हसायला लागले.

"मला पहिल्याच महिन्यात कळलं होतं. पुस्तकांसाठी म्हणून दीडशे जास्त पाठवतो, ते कशाचे वाटले तुला?"

"मग तेव्हाच का नाही सांगितलं?"

"सांगितलं असतं, तर तू आली असतीस का दर शनिवारी?"