यशराजचे रिकामे जार

सोड्याच्या कारखान्यात माल संपला तर आनंद असतो. बाटल्या संपल्या तर मात्र काही खरं नाही. गोटीसोड्याची बाटली जाडजूड काचेची, परत येणारी. ती परत आली की धुवायची, भरायची, यंत्रात उलटी फिरवायची. आतल्या वायूच्या दाबानं गोटी स्वतःच गळ्यात बसते. पण परतच आली नाही तर भरायचं काय, कप्पाळ?

नवरात्र तोंडावर आलं होतं. बडोद्यात नवरात्र म्हणजे नऊ रात्री गरबा, आणि गरब्यानंतर कोरडे पडलेले गळे. जगदाळ्यांच्या कारखान्याचं अर्धं वर्ष त्या नऊ रात्रींवर निघायचं. आणि नेमकं तेव्हाच कारखाना चालवणाऱ्या सुनेचं, संयोगिताचं यंत्र दुपारपासून बंद होतं. वायू होता, सरबत होतं, धुणाऱ्या बायका हात बांधून बसल्या होत्या. बाटल्या नव्हत्या.

जगदाळ्यांचे पूर्वज गायकवाडी पागेत होते असं सासरे बळवंतराव सांगायचे. आता घरी घोडा नव्हता. तीन चाकांचा एक टेम्पो होता, आणि तो चालवणारा जुना गडी कुणाल. कुणालची पन्नाशी जवळ आली होती तरी बळवंतराव त्याला 'पोरा' म्हणत. संध्याकाळी तो शहराबाहेरच्या बाजव्याहून, तिथल्या दुकानांची फेरी करून आला तो टेम्पो खडखड वाजवत. रिकामा टेम्पो जास्त वाजतो.

संयोगितानं प्रत्येक दुकानाचा आकडा ठरवून दिला होता. एखाद्याकडे सहा क्रेट फिरते असतील, तर त्याच्याकडचे भरलेले आणि रिकामे मिळून कधीही सहाच भरायला हवेत. चार भरलेले, दोन रिकामे. किंवा सहाही रिकामे, मग तो शहाणा दुकानदार. कुणाल प्रत्येक फेरीला दोन्ही मोजायचा. आज बाजव्यात कुठंच बेरीज जमत नव्हती. भरलेले थोडे होते, ते ठीक. रिकामे एकाही दुकानात नव्हते.

"कोण घेऊन गेलं?" संयोगितानं विचारलं.

"नलिनीबेन म्हणतात, आपलेच लोक घेऊन गेले."

आपले लोक म्हणजे कुणालच. दुसरं माणूस होतंच कुठे?

दुसऱ्या दिवशी ती स्वतः टेम्पोत बसून गेली. रिफायनरीच्या रस्त्याला नलिनीबेनचं पानाचं दुकान होतं. पाळी सुटली की कामगारांचा घोळका तिथेच उभा राहायचा. नलिनीबेनला आपण काही चूक केली असं अजिबात वाटत नव्हतं. पाण्याचा जारवाला रोज येतो, म्हणाली. तोच म्हणाला, बेन, सोड्याचे खाली, म्हणजे रिकामे क्रेट द्या, आम्ही तिकडेच जातोय. दिले. वर त्यानं प्लास्टिकच्या बाटलीतला सोडा ठेवला, ही परत द्यायची भानगड नाही, फेकून द्या म्हणून.

"आणि तू दिलेस?"

"नेहमीच देतो ने, संयोगिताबेन. खाली कोणीही उचलो, मालकाकडे पोचतेच."

बाई खरं बोलत होती. ही रीत सासऱ्यांच्या वेळची. तेव्हा शहरात चार-पाच सोडेवाले होते, आणि एकमेकांच्या रिकाम्या बाटल्या ज्याला दिसतील त्यानं उचलायच्या, आठवड्याला अदलाबदल करायची. नाव काचेतच उमटवलेलं असल्यामुळे भांडणाचा प्रश्न नव्हता. दुसऱ्याची बाटली भरणं हे जातीबाहेर टाकण्याइतकं मोठं पाप होतं. अडवून ठेवणं तर कोणाला सुचलंही नव्हतं. त्या जारवाल्याचा मालक यशराज, त्याच्या आजोबांनी आणि बळवंतरावांनी मिळून ही रीत घातली होती. आजोबा गेले, सोडा बंद झाला, नातवानं पिण्याच्या पाण्याचे निळे जार सुरू केले. रीत मात्र नलिनीबेनच्या डोक्यात शाबूत होती. यशराजनं तिचाच फायदा घेतला होता.

सावली रस्त्यावरच्या त्याच्या गोडाऊनमध्ये भिंतीला लागून क्रेट छतापर्यंत रचले होते. प्रत्येक बाटलीवर जगदाळ्यांचं नाव होतं. यशराजनं खुर्ची पुसून दिली, चहा मागवला, काकी काकी केलं.

"पडून होते दुकानांत. बिचाऱ्यांना जागा अडत होती. गोळा केले."

"आता आलेच आहे तर घेऊन जाते."

"न्या की. घाई काय आहे? नवरात्र होऊ द्या." तो हसला. "काकी, काचेचा जमाना गेला. बाजवा मला सोडून द्या, उद्या क्रेट घरपोच करतो. नाहीतर ही काच भंगारात जाईल, मलाही वाईट वाटेल."

चहा आला तेव्हा संयोगिता उठून उभी राहिली होती. जाताना तिचं लक्ष अंगणाकडे गेलं. तिथे त्याची माणसं निळे जार धूत होती, भरत होती, लगेच गाडीत चढवत होती. रिकामा जार जमिनीला टेकत नव्हता.

टेम्पोत बसल्यावर ती कुणालला म्हणाली, "उद्यापासून दुकानात, ऑफिसात, जिथे त्याचे खाली जार दिसतील तिथून उचलायचे. सांगायचं, आम्ही तिकडेच जातोय."

कुणालनं गाडी चालू करायची विसरून तिच्याकडे पाहिलं.

"आणि प्रत्येकाला पोच द्यायची. किती उचलले, माझी सही. उद्या त्यानं दुकानदाराची मान धरायला नको."

घरी बळवंतराव दोन घास कमी जेवले. दुसऱ्याची रिकामी अडवायची? आपल्या घराण्यानं? ती म्हणाली, "दादा, मी अडवणार नाही. पोचवणारच आहे. फक्त आधी त्यानं पोचवायचं."

बाजव्यानं जार दिले. का नाही देणार? नलिनीबेननं तर शेजाऱ्याचेही आणून दिले. कारखान्याच्या अंगणात निळ्या जारांची रांग वाढत गेली, आणि रिकाम्या बसलेल्या बायकांना संयोगितानं कामाला लावलं: ते जार घासा. धुतलेलेच परत जायला हवेत.

तिचा हिशेब साधा होता. सोड्याची बाटली आठ-पंधरा दिवसांनी परत आली तरी चालतं. पाण्याचा जार रोज परत लागतो. ऑफिसं सकाळी दहाला पाणी मागतात. त्यांना नवरात्र-बिवरात्र काही नसतं. आणि कोणाकडेही फिरत्या जारांच्या दुप्पट जार शिल्लक नसतात. यशराज तिला महिनाभर रोखू शकत होता. तिला त्याला महिनाभर रोखायची गरजच नव्हती.

तिसऱ्या दिवशी तो आला. काकी म्हणणं राहून गेलं होतं.

"ही चोरी आहे. मी पोलिसांत जाईन."

"जाऊ की. मीही येते," संयोगिता म्हणाली. "साहेबांना आधी तुझं गोडाऊन दाखवू, मग माझं अंगण. माझ्याकडे प्रत्येक जाराची पोच दिलेली आहे. तुझ्याकडे?"

तो जारांकडे बघत राहिला. स्वच्छ घासून, तोंडं खाली करून ठेवलेले. त्याच्या कारखान्यातही इतके नीट धुतले जात नसतील.

"कंपनीच्या कँटीननं दुसरा पाणीवाला बघितलाय," तो हळूच म्हणाला.

"अरेरे," ती म्हणाली, आणि तिला थोडं वाईट खरंच वाटलं. पण थोडंच.

संध्याकाळी त्याची गाडी क्रेट घेऊन आली. संयोगितानं एकेक उतरवून घेतला. तीन क्रेटमधल्या बाटल्यांचे गळे फुटले होते. ते तिनं बाजूला ठेवले आणि त्याच्या माणसाकडून लिहून घेतले. मग त्याच गाडीत जार चढवले, सगळे, एकही मागे न ठेवता. बळवंतराव दारात उभे राहून मोजत होते, कोणी सांगितलं नव्हतं तरी.

यशराज गाडीशी घुटमळला. "काकी, असं करू. यापुढे तुमचं तुम्ही उचला, माझं मी. कोणी कोणाच्या खालीला हात लावायचा नाही. मिटलं."

संयोगितानं पदरानं हात पुसले. सोपं होतं, हो म्हटलं की झालं. नलिनीबेनला उद्या सांगावं लागलं असतं, बाई, यापुढे कोणाच्याही हातात खाली देऊ नकोस. जुनी रीत तिथेच संपली असती.

"नाही मिटलं," ती म्हणाली. "तुझा जार माझ्या माणसाला दिसला की तो उचलणार, आणि त्याच संध्याकाळी तुझ्या दारात टाकणार. रोज. तू माझ्या बाटल्या आणतोस की नाही, ते तुझं तू बघ."

आत यंत्र सुरू झालं होतं. कुणालनं भरलेल्या क्रेटची पहिली थप्पी बाजव्यासाठी लावायला घेतली.