बर्फाच्या वाटणीचं पाणी

पाणचट कॉफीची मला किळस आहे. रामवाडीत हायवेला लागून माझं दुकान आहे, त्यावर पाटी ‘मृणालीची कॉफी’. कॉफी पसंत पडली तर तीच पाटी धाटावच्या एमआयडीसीतही लागायची होती. तिथल्या एका कंपनीचं कँटीन चालवणारे दिनानाथशेठ त्या दुपारी थंड कॉफी चाखायला आले होते.

थंड कॉफीचं गणित सोपं आहे. वीस ग्रॅम पूड, नेहमीपेक्षा जरा बारीक. पाणी एकूण तीनशे ग्रॅम. त्यातलं एकशेऐंशी उकळतं, उरलेलं खालच्या भांड्यात बर्फ म्हणून. गाळणीतून गरम थेंब बर्फावर पडला की जागीच गार होतो आणि वास उडून जात नाही. बर्फ वितळतो तो आपल्या वाटणीचं पाणी होऊन. मग चव कशी लख्ख लागते, लिंबू पिळल्यासारखी.

मी उकळत्या पाण्याची पहिली धार धरली, तेवढ्यात ट्रकवाला शेठने वाटेत लावलेल्या गाडीवरून भांडायला आला. किटली नवऱ्याच्या हातात दिली, वजनकाट्यावर कुठल्या आकड्याला थांबायचं ते दाखवलं आणि बाहेर गेले.

परत आले तर भांडं गळ्यापर्यंत भरलेलं. बर्फाचा खडा नाही, वर कोमट वाफ.

“रितेश, किती ओतलंस?”

“एवढुशा पाण्यात काय व्हतंय गो? पावण्यासमोर हात आखडता बरा दिसत नाय. किटली रिकामी केली.” आणि कोमट झालं म्हणून त्याने वर वाडगाभर बर्फ टाकला.

मी घोटभर चाखलं. आधी कडवट, मग नुसतं पाणी. फडकं पिळून निघतं तसलं. तोवर रितेशने मोठा ग्लास भरून शेठपुढे ठेवलासुद्धा.

“थांबा, ती नको,” मी म्हटलं आणि नव्याने केली. या वेळी काट्यावरून नजर हलवली नाही. शेवटच्या थेंबाला भांड्यात बर्फाचे चार पापुद्रे उरले होते. रंग लालसर, वास संत्र्याचा. जीव सुखावला.

शेठने एक घोट घेतला आणि तोंड वाकडं केलं. “आंबट हाय वैनी. आणि ग्लास अर्धाच.” मग आधीचा ग्लास उचलून तळापर्यंत प्याले. “ही बेस्ट. शिफ्ट सुटल्यावर पोरांना अशीच लागते, पोटभर. सोमवारपासून चालू करा.”

रितेश माझ्याकडे बघून हसला. गाढवाला गुळाची चव काय, हे ओठांवर आलं ते गिळलं. तेही पाणचटच लागलं.

“पाटीवर नाव तेच ना, मृणालीची कॉफी?” शेठने विचारलं.

“नाय,” मी म्हटलं. “ह्यांचं लावा. केलीय ह्यांनी.”

आणि माझा अर्धा ग्लास मी उभ्यानेच पिऊन टाकला.