सोमवारचा हप्ता

रविवारी संध्याकाळी स्वरूपाचा फोन आला तेव्हा रामहरी गोठ्यात गव्हाणीत कडबाकुट्टी टाकत होता. स्वरूपा त्याच्या चुलतभावाची मुलगी, बारामतीत विम्याची एजंट. फोन स्पीकरवर होता, म्हणून धार काढत बसलेल्या कौसल्यालाही सगळं ऐकू आलं.

"काका, उद्या या नाहीतर परवा या, पण याच. बंद पडलेल्या पॉलिस्या चालू करायची मोहीम महिनाअखेरीला संपतीय. विलंब शुल्कात सवलत मिळंल. नंतर सगळं भरावं लागंल."

"उद्याच येतो," रामहरी म्हणाला.

कौसल्याचे हात थांबले. उद्या सोमवार. लेक प्राची तान्ही असताना काविळीतून उठली, तेव्हापासून कौसल्या दर सोमवारी आंघोळीपासून दिवे लागेपर्यंत मौन धरते. घरात, शेजारी, दूध घालायला जाते त्या सेंटरवर, सगळ्यांना ठाऊक आहे.

"अहो, मंगळवारी जाऊ की," ती म्हणाली. "परवाबी चालतंय म्हनली ती."

"मंगळवारी ऊसतोडीच्या मुकादमाला भेटायचंय. आन् तुला तितं कुठं भाषण ठोकायचंय? बँकेत सही कर आन् बस गप." एवढं बोलून तो हसला. ते हसू कौसल्याला आवडलं नाही.

पॉलिसी बंद पडली होती ती कुणाच्या वाईटपणामुळं नाही. सहकारी दूध संस्थेत दूध जायचं तेव्हा संस्थेचा सचिव दर सहा महिन्यांनी बिलातून हप्त्याची रक्कम बाजूला काढून स्वरूपाच्या हाती द्यायचा. कुणी कधी पावती मागितली नाही, कुणी कधी विचारलं नाही. मग लिटरमागं चार पैसे जास्त म्हणून काटेवाडीतल्या बऱ्याच जणांनी दूध खासगी डेअरीला वळवलं. रामहरीनंही वळवलं. त्याला वाटलं, हप्ता जातोच आहे. स्वरूपाला वाटलं, काका परस्पर भरतात. कंपनीचे मेसेज जुन्या नंबरवर जात होते, आणि तो फोन उसाच्या पाण्यात बुडून कधीच गेलेला. असे अडीच वर्षं हप्ते थकले.

पण कौसल्याला काळजी त्याची नव्हती. काळजी होती ती गेल्या माघातल्या एका रात्रीची.

दोघं इंदापूरला नणंदेकडं वास्तुशांतीला गेले होते. जेवून उठताना रामहरीनं छाती धरली. घाम फुटला. नणंदेनं दवाखान्यात नेलं, इसीजी काढला, रक्त तपासलं, दोन दिवस ठेवून घेतलं. डॉक्टर म्हणाले, हार्ट अटॅक नाही, पण रक्तदाब फार वाढलाय, गोळी रोज घ्यायची, सोडायची नाही. रामहरीनं ती दिवाळीला सोडली. "मला काय झालंय? पोतं उचलतो मी," म्हणाला. आणि काटेवाडीत कुणाला कळू द्यायचं नाही, असं बजावलं.

रात्रभर तिला म्हाळसा दिसत राहिली. लोणी भापकरची म्हाळसा, तिच्या माहेरच्या वाटेवरची. नवऱ्याची मूत्रपिंडं खराब झालेली लपवून त्यांनी बंद पॉलिसी चालू करून घेतली होती. वर्षाच्या आत नवरा गेला. कंपनीनं दवाखान्याचे कागद काढले आणि दावा नामंजूर केला. बंद पडायच्या आधी भरलेल्या हप्त्यांवर जी थोडकी रक्कम निघत होती, तेवढीच हाती आली. कौसल्या भेटायला गेली होती तेव्हा म्हाळसा एकच वाक्य परत परत म्हणत होती, "खोटी सही करताना मी तितंच हुते गं. मी तितंच हुते."

सकाळी आंघोळ झाली, महादेवाला बेल वाहिला आणि कौसल्याचं तोंड मिटलं. मोटरसायकलवर मागं बसल्यावर पदर वाऱ्यानं सारखा डोक्यावरून सरकत होता, ती सारखा ओढत होती. दुधाचे पैसे तिच्या खात्यावर जमा होतात, म्हणून आधी बँक. तिनं सही केली, पैसे घेतले, रामहरीच्या हातात दिले. देताना क्षणभर घट्ट धरून ठेवले. तो म्हणाला, "सोड की, पळून चाललोय व्हय मी?"

विमा कंपनीच्या ऑफिसात गर्दी होती. मोहिमेचा कापडी फलक पंख्याच्या वाऱ्यानं फडफडत होता. स्वरूपा एका कोपऱ्यात खुर्च्या धरून बसली होती. तिनं आधीच विलंब शुल्क माफ करण्याचा अर्ज लिहून ठेवला होता: दूध संस्था बदलल्यामुळं हप्ता भरणं अनवधानानं राहिलं, तरी विलंब शुल्क माफ व्हावं, ही विनंती.

"पूर्ण माफ करतील का गं?" रामहरीनं विचारलं.

"पूर्ण न्हाय काका. मोहिमेतली सवलत ठरलेली असती. पण अर्ज दिलेला बरा, वर पाठवत्यात." तिनं दुसरा कागद काढला. "आता हे तब्येतीचं निवेदन. मी विचारते, तुमी सांगा, मग सही तुमची. पॉलिसी घेतल्यापासनं आठवडाभर वा जास्त दिवस औषधं घ्यावी लागली, असं काही दुखणं?"

"न्हाय."

कौसल्यानं त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला. त्यानं तो बाजूला केला.

"दवाखान्यात दाखल झालात?"

"न्हाय."

तिनं बांगड्या वाजवल्या. मान हलवली. स्वरूपानं वर पाहिलं. "काकू, काय म्हनताय?"

"सोमवार हाय तिचा, मौन," रामहरी घाईघाईनं म्हणाला. "पाणी पाहिजे आसंल. सकाळपासनं उपाशी हाय."

स्वरूपा उठली आणि कूलरचं गार पाणी घेऊन आली. आता सगळे बघतायत म्हटल्यावर कौसल्याला प्यावं लागलं. लिहून द्यावं का, असं मनात आलं. पण आई म्हणायची, मौनात पाटीवर लिहिणं म्हणजे मागच्या दारानं बोलणं. आणि लिहायला घेतलं तर रामहरी कागद ओढून घेणार, हेही तिला ठाऊक होतं. त्यानं सोमवार का निवडला, हे तिला आत्ता कळलं.

"इसीजी, एक्स-रे, रक्ततपासणी कधी?"

"छे. आमाला कशाला?"

स्वरूपानं कागदावर 'नाही'च्या चौकटींत खुणा केल्या आणि तिघंही काउंटरवर गेले. तिथं सिमरन मॅडम होत्या, चष्मा डोक्यावर चढवलेल्या, बोलायला गोड पण हाताला घाई. त्यांनी वय पाहिलं, रक्कम पाहिली, निवेदनावरून नजर फिरवली.

"सगळं नाहीच आहे ना? मग डॉक्टरी तपासणी लागणार नाही. आजच पावती फाडते. सवलतही बसेल. काका, इथं सही."

रामहरीनं पेन घेतलं. त्याची सही मोठी, वेळ लागणारी. 'रा' झाला.

कौसल्याला वाटलं, छातीत गोठ्यातलं वासरू शिरलंय, दावं तोडायला बघतंय. दिवे लागायला सगळा दिवस होता. तिनं डोळे मिटून घरच्या पिंडीवरचं बेलाचं पान आठवायचा प्रयत्न केला. पान आठवेना. म्हाळसाच आठवली.

"थांबा," ती म्हणाली.

सोमवारच्या दिवसाउजेडी तिचा आवाज रामहरीनं इतक्या वर्षांत पहिल्यांदा ऐकला. त्याचं पेन तिथंच राहिलं.

"ह्यांना माघात इंदापूरला दवाखान्यात ठेवलं व्हतं. छातीत दुखलं. इसीजी काढला, रगत तपासलं. रक्तदाबाची गोळी लिवून दिली, ती ह्यांनी दिवाळीला सोडली."



"अगं ए!" रामहरी ओरडला. मागच्या रांगेतले वळले. "मौन हाय न्हवं तुझं? देवाला काय सांगशील?"

"त्याला ऐकू आलंय," कौसल्या म्हणाली. "आता तुमी मला काय सांगनार ते सांगा. तुमी गेल्यावर म्या कुणाच्या दारात कागद घेऊन हिंडू?"

तो पेन आपटून बाहेर गेला. स्वरूपाचा चेहरा उतरला होता. "काकू, मला आधी फोनवर तरी सांगायचं. माझं नाव त्या कागदावर हाय."

"तुझ्या काकांनी तोंडावर बोट ठिवलं व्हतं गं. माझं चुकलंच."

सिमरन मॅडमनी तो कागद उभा फाडला आणि कोरा पुढं केला. "बरं झालं, सहीच्या आधी बोललात. चालू केल्यापासून तीन वर्षं कंपनी हे सगळं परत तपासू शकते. लपवलेलं निघालं तर आत्ता भरलेलं गेलं आणि दावाही गेला." मग त्यांनी अवघड होतं तेही सांगितलं. आता दवाखान्याचे कागद लागतील, कंपनीच्या डॉक्टरकडं तपासणी, नवा इसीजी. ते वरच्या कार्यालयात जाईल. चालू होईल, जादा हप्ता लावून होईल, किंवा नाहीही म्हणतील. आणि महिनाअखेरीच्या आत निर्णय आला नाही, तर सवलत गेली. "माफीचा अर्ज मी जोडते. पण आशा धरू नका."

बाहेर रामहरी मोटरसायकलवर पाठ करून बसला होता. कौसल्या मागं बसली. पुन्हा तोंड मिटलेलं. मोडलेलं व्रत तसंच पुढं न्यायचं का सोडायचं, तिला ठरवता येईना. तिनं न्यायचं ठरवलं. गाडी काटेवाडीत वळेल असं तिला वाटलं. वळली नाही. घर मागं पडलं, भवानीनगर मागं पडलं, लासुर्णे आलं. तो इंदापूरला चालला होता. एक शब्द न बोलता.

दवाखान्यात डॉक्टरांनी जुने कागद काढून दिले, रक्तदाब मोजला आणि विचारलं, "गोळी चालू आहे ना?"

रामहरीनं कौसल्याकडं पाहिलं. ती गप्प. तिच्याकडून सुटका नव्हती आणि मदतही नव्हती.

"सोडली व्हती," तो म्हणाला. "आजपासनं चालू."

पुढचे आठवडे कौसल्याचं कामात मन लागेना. तपासणी झाली. पुन्हा एक कागद मागितला, तो दिला. महिना संपला, उत्तर नाही. फोन वाजला की ती हातातलं टाकून यायची. रामहरी तिच्याशी कामापुरतं बोलायचा. एकदा म्हणाला, "तुझ्या एका वाक्यापायी आख्खा दंड बसला आपल्याला. तेवढ्या पैशात बायका वर्षभर बडबडत्यात." पण गोळी तिच्यासमोर घ्यायचा, पाण्याचा तांब्या मुद्दाम आपटून.

उत्तर आलं ते स्वरूपाच्या फोननं. पॉलिसी चालू होणार होती, रक्तदाबामुळं थोडा जादा हप्ता लावून. माफीचा अर्ज नामंजूर. मोहीम संपली, विलंब शुल्क पूर्ण भरा. रामहरीनं ऐकलं आणि गव्हाणीला टेकला.

"जादा हप्ता लावला म्हंजी आजार मानला त्यांनी," तो म्हणाला. "मानून पॉलिसी दिली. आता त्यापायी दावा अडवता येनार न्हाय त्यांना."

"व्हय."

"मग उद्या भरू. तू येशील ना बँकेत सहीला?"

कौसल्यानं दिवा लावायला वात घेतली होती. उद्या सोमवार होता. ती काही बोलायच्या आत रामहरीच म्हणाला,

"नगं. परवा जाऊ. तू बोलत असशील तवाच जाऊ."