भालदाराच्या मानेवर विष्णूकाका

रोह्याच्या नाटक मंडळीच्या जुन्या तैलचित्रात सगळे होते, फक्त विष्णूकाका नव्हते. ते पडले प्रॉम्प्टर, आणि प्रॉम्प्टर विंगेत असतो ना! पुढे चित्रातला भालदार भांडून मंडळी सोडून गेला, तेव्हा काकांनी हट्टच धरला, "त्याच्या मानेवर माझं डोकं बसवा. मेल्यावर नातवंडांना दिसलो तर पायजे!"

पेणहून चित्रकार मालतीताई आल्या. त्यांनी काकांना खिडकीपाशी बसवून त्यांचा गुळगुळीत, गोरापान चेहरा रंगवला. काका खूश झाले, पण बाकीचे हसत सुटले. "काका, पाकिटावर तिकीट चिकटवल्यागत दिसताय!"

मालतीताईंना चूक कळली. चित्रातला उजेड रंगमंचावरच्या पायदिव्यांचा होता, म्हणजे खालून येणारा. त्यांनी ओला रंग टर्पेंटाइनच्या फडक्याने पुसला आणि काकांच्या हनुवटीखाली दिवा ठेवला. आता हनुवटी उजळली, नाकाची सावली कपाळाकडे चढली. जुनं वार्निश पिवळं पडलं होतं, म्हणून त्यांनी रंगात थोडा मातकट पिवळा मिसळला आणि शेजारच्या चेहऱ्यांसारखेच जाड, खरबरीत फटकारे मारले.

संध्याकाळी काकांची नात अनन्या आली. चित्रापुढे बराच वेळ उभी राहिली.

"आजोबा, यात तुमी कुठं हाय?"

"बघा, जोड दिसतच नाय!" मालतीताई आनंदाने म्हणाल्या. "झकास जमलं!"

"डोंबल जमलं!" काका ओरडले. "ताई, रंग ओला हाय तवर पुसा. मला ते तिकीटच परत चिकटवा."