सासूबाईंच्या कंबरेचं माप

शिवणवर्गाच्या भिंतीवर बाईंनी यादी लावली होती. मापाची पट्टी पिळलेली नाही, आकडा लगेच लिहिला, जुन्या ब्लाउजशी ताळा घेतला, शिलाईची जागा सोडली... अशा दहा ओळी. दहाही खुणा मिळतील तिलाच पुढच्या महिन्यात मशीनवर बसायला मिळणार होतं.

परीक्षेला प्रत्येकीने घरातलं एक माणूस आणायचं होतं. धाकट्या सुनेने सासूबाईंना आणलं, कारण कापड त्यांचंच होतं. साडीला जोडून आलेला जेमतेम ऐंशी सेंटिमीटरचा तुकडा. चुकला तर तसा दुसरा मिळणार नव्हता.

खांदा चौदा, छाती छत्तीस. पट्टी कंबरेवर आली आणि सासूबाई एकदम कवायतीला उभं राहिल्यासारख्या ताठ झाल्या.

"एकोणतीस," धाकटी म्हणाली आणि लिहून मोकळी झाली.

मग तिने त्यांचा जुना ब्लाउज टेबलावर पसरून मोजला. खालचा घेर एकतीस भरला.

"आई, दोन इंचांचा फरक येतोय."

"जुना आहे तो, सैल पडलाय. मी काय लठ्ठ दिसते तुला?"

मागच्या बाकावर खुसखुस झाली. धाकटीने बाईंकडे पाहिलं. बाई पेन्सिलीने कान खाजवत म्हणाल्या, "मी तोंड उघडलं की तुझी खूण गेली. तुझं तू बघ."

एकोणतीसवर कापलं तर घरी हुक लागणार नाही, हे धाकटीला दिसत होतं. पण पोट आत ओढू नका, असं सासूला भर वर्गात कोण सांगणार? तिने पुन्हा पट्टी गुंडाळली, आत दोन बोटं ठेवली आणि म्हणाली, "आई, थोरल्या जाऊबाईंनी तुमचा तो हिरवा ब्लाउज कुठल्या शिंप्याकडे टाकला होता हो?"

"त्या मेल्याचं नाव काढू नकोस! बाही दंडात रुतायची, गळा पाठीवर उतरलेला! अगं, मी त्याला स्पष्ट सांगितलं होतं..."

बोलता बोलता श्वास सुटला. पट्टी धाकटीच्या बोटांमधून सरकत गेली आणि एकतीसवर थांबली. तिने मुकाट्याने आधीचा आकडा खोडून नवा लिहिला.

कापडाची घडी घालून तिने आधी पाठ आखली. एकतीसचा चौथा भाग पावणेआठ, टक्सच्या चुणीसाठी एक, बाजूच्या शिलाईसाठी दीड. सव्वादहावर खडूची खूण केली, सगळं पुन्हा मोजलं आणि मगच कात्री चालवली.

बाईंनी दहावी खूण केली.

सासूबाईंनी वहीत डोकावून खोडलेला आकडा पाहिला.

"लबाड आहेस," त्या हळूच म्हणाल्या. "वही घरी आणू नकोस. थोरली वाचेल."