डाव्या कोपऱ्यातली जाळी

उमैमा गाडी घेऊन कंपनीच्या वर्कशॉपच्या फाटकातून आत आली तेव्हा मी आधी गाडी पाहिली, मग तिला. आमच्या धंद्याची ही खोडच आहे, कोणी राग धरू नये. गाडी नखशिखांत चिखलानं माखलेली. आमच्याकडची काळी माती एकदा वाळली की खरवडूनही निघत नाही, आणि ही पोरगी दिवसभर कपाशीच्या वावरांतून फिरते. गुलाबी बोंडअळीचा सर्व्हे करायचं तिचं काम. बीटी बियाणं आलं तेव्हा अळीचा विषय संपला म्हणून खुशीत असलेली गावं आता हिच्या सापळ्यात किती पतंग सापडले ते विचारतात, आणि उत्तर ऐकायच्या आधीच तोंड फिरवतात.

"इंद्रभानदादा, गाडीचं एडास पाहून दे," ती म्हणाली. "आन् काय निघालं थे अब्बाले सांगू नको."

एडास म्हणजे धोका दिसला की ड्रायव्हरला सावध करणारी गाडीतली रडारं आणि कॅमेरे. तिचे अब्बा म्हणजे नांदुऱ्याचे शाकिर चाचा. डेंटिंगचं काम मी त्यांच्याच हाताखाली शिकलो. शिव्याही तिथंच शिकलो, पण तो विषय वेगळा. कपाशी पिकली की गावोगावचे ट्रॅक्टर, जीपा चाचांच्या दुकानासमोर रंगाला लागायच्या. मग कपाशीनं दगा द्यायला सुरुवात केली, रंगाचे शौक संपले, आणि गेल्या उन्हाळ्यात चाचांचा उजवा हात थरथरायला लागला. दुकान बंद झालं. बंद करण्याआधी त्यांनी शेवटचं एकच काम केलं, ते म्हणजे लेकीच्या या गाडीचा मागचा बंपर. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीचा कोपरा लागून तो डाव्या बाजूला चिरला होता. मी तेव्हा चाचांना फोनवर म्हणालो होतो की नवा बसवा. "नवा बसोते ज्याले हात नाहीत थो," असं म्हणून त्यांनी फोन ठेवला होता.

"झालं काय ते तं सांग," मी उमैमाला म्हणालो.

तिनं सांगितलं ते मला थोडंफार माहीत होतंच, नांदुऱ्यात कोणाला माहीत नव्हतं? कापसातली सरकी काढायच्या जिनिंग मिलच्या आवारातून ती गाडी मागं घेत होती. दोन्ही बाजूंना कापसानं भरलेल्या ट्रॉल्या उभ्या, बाजूचं काही दिसेना. गाडी रिव्हर्सला असताना आडवं कोणी येत असेल तर तिच्या गाडीत पिकपिक वाजतं. ते वाजलं नाही. ती मागं आली आणि डावीकडून येणारी मोटारसायकल गाडीवर आदळली. पुंजाजी चालवत होता, मागं त्याची बायको जनकाबाई. पुंजाजीला खरचटलं. जनकाबाईचं उजवं मनगट मोडलं, आणि जनकाबाई कापूस वेचणीवर जाणारी बाई. ऐन वेचणीत तिचा हात गळ्यात आला.

"मान वळवून पाह्यलं नाही काऊन, हेच रोज म्हणतेत अब्बा," उमैमा म्हणाली. "रोज. जेवतानाबी. माह्या हातचं पाणी घेत नाहीत. म्हणतेत, एका बाईचा हात तोडला तुनं."

"मंग तू काय म्हणते?"

"काय म्हणू? पाह्यलं होतं दादा, पण ट्रॉलीच्या आडून दिसत नव्हतं. थांबून पाह्याले पाह्यजे होतं. गाडी वाजली नाही तं वाटलं रस्ता मोकळा हाये. चूक माहीच हाये." मग ती खाली बघत म्हणाली, "पण ते वाजलं काऊन नाही, एवढं मले पाहून दे."

मला तिचा राग आला आणि कीवही आली. या एडासवर लोक इतके विसंबतात की मला गिऱ्हाइकांना धरून हलवावंसं वाटतं. ते मदतनीस आहे, ड्रायव्हर नाही. पण मदतनीसानं ऐन वेळी तोंड का मिटलं, हा प्रश्न तरी तिचा रास्त होता.

आधी धुणं. समोरच्या जाळीखाली पुढचं रडार असतं, त्याच्या झाकणावर चिखलाचा थर होता. मागच्या बंपरवरही तेच. बंपरवर दिसतात त्या गोल गोल बटणांवर चिखल बसला की गाडी लगेच कुरकुर करते, म्हणून लोक तेवढीच बटणं पुसतात. पण ती पार्किंगची, अगदी जवळचं सांगणारी. आडव्या गाडीची खबर देणारी दोन रडारं बंपरच्या आत, मागच्या दोन कोपऱ्यांत लपलेली असतात. ती बाहेरून दिसतच नाहीत. प्लास्टिकमधून त्यांच्या लहरी आरपार जातात, म्हणून तर त्यांना आत बसवतात.

मग वरची काच. समोरच्या काचेवर, आतल्या आरशाच्या बरोबर मागं कॅमेरा असतो. जिनिंगच्या वॉचमननं आपला फाटकाचा पास नेमका तिथंच चिकटवला होता. एवढी मोठी काच सोडून त्याला तीच जागा सापडली! मी पास काढला, डिंक पुसला. गेला महिनाभर स्क्रीनवर येणारा कॅमेऱ्याचा इशारा गेला.

"मंग हेच होतं काय?" उमैमाच्या चेहऱ्यावर जीव आला.

"नाही. कॅमेरा समोरचं पाह्यतो. तुही भानगड मागची हाये."

स्कॅनर लावला. मागची दोन्ही रडारं ठणठणीत असल्याचं त्यानं सांगितलं. मी बंपरच्या डाव्या कोपऱ्यावर हात फिरवला आणि मला आत कुठंतरी कळून चुकलं.

तेवढ्यात फाटकातून चाचा आत आले. एसटीनं आले होते, हातात जेवणाचा डबा.

"पोरीनं डबा इसरला," ते म्हणाले. म्हणजे लेकीशी अबोला, पण डबा घेऊन एसटीनं यायचं. मग माझ्याकडं वळून, "आन् तुमी कंपनीवाले माह्या बंपरले पाने गिने मारान, म्हणून आलो. हात लावून पाह्यला काय बे? सांग, जोड कुठं हाये?"

"चाचा, बसा तुमी. चहा घ्या."

"चहा राहू दे. गाडीले काय झालं ते सांग."

उमैमानं माझ्याकडं पाहिलं. सांगू नको, असं तिचे डोळे म्हणत होते. पण चाचांना कोणी कधी बसवलंय? मी म्हणालो, मागं एक मोटारसायकल आडवी नेऊन पाहायची आहे. चाचा काठी टेकत उठले.

"मी बसतो मागं. जनकाबाई बसली होती तसा."

माझा मेकॅनिक उकंडराव मोटारसायकल चालवायला तयार झाला. उमैमा गाडीत बसली, ब्रेक दाबून धरला आणि रिव्हर्स टाकला. आधी ते उजवीकडून आले. गाडी पिकपिक करून ओरडली, उजव्या आरशातला दिवा लुकलुकला. चाचा खूश. "वाजलं की बे!"

मग ते वळून डावीकडून आले. मी खिडकीशी उभा होतो. उमैमा कान देऊन बसली होती. मोटारसायकल मागून आडवी गेली, मागं बसलेले चाचा काठी वर धरून निघून गेले आणि गाडी गप्प राहिली. उमैमानं स्टिअरिंगवर कपाळ टेकलं.

"डाव्या अंगाले काऊन नाही वाजलं?" चाचांनी उतरता उतरता विचारलं. मग त्यांचा आवाज खाली आला. "इंद्रभान. काऊन नाही वाजलं?"

बंपर उतरवला आणि उलटा करून जमिनीवर ठेवला. बाहेरून आरशासारखा गुळगुळीत, आतून मात्र चाचांनी चिरेवर बारीक स्टीलची जाळी तापवून प्लास्टिकमध्ये बुडवली होती. वर फायबर, त्यावर पुट्टी, बाहेरून चांदीच्या रंगाचे हात. काय काम होतं! चिरेच्या बाकीच्या लांबीत जाळी एकपदरी होती. कोपऱ्यात दुपट्ट. आणि बरोबर त्या दुपट्ट जाळीच्या मागं रडारची काळी डबी बसत होती.

"इथं दुपट्ट काऊन, चाचा?" मी विचारलं. विचारायला नको होतं.

"थे डबी होती ना इथं. नाजूक दिसत होती. म्हणलं पोरीची गाडी हाये, पुन्हा कोणी ठोकली तं डबीले लागाले नाही पाह्यजे. डबीले म्या हातबी नाही लावला. कपडा मारला, होती तशी बसोली." ते थांबले. "तिले वाचवाले घातली जाळी."

मी त्यांना समजावलं. माझ्या उस्तादाला मीच समजावत होतो, यापेक्षा वाईट दिवस मला आठवत नाही. त्या डबीचे डोळे प्लास्टिकमधून पाहतात. पातळ रंग त्यांना चालतो. पुट्टीचा जाड थर आला की त्यांना धूसर दिसतं. आणि लोखंडातून त्यांना काहीच दिसत नाही. डबी चांगली आहे, म्हणून तक्रारही करत नाही. समोरच्या जाळीलाच जग समजून बसते.

चाचांनी काठीचं टोक जाळीवर टेकवलं. मग लेकीकडं वळले.

"तुले मालूम होतं?"

"नाही, अब्बा."

"खोटं नको बोलू."

"शक होता," ती म्हणाली. "ठोकल्यावर ध्यानात आलं, बंपर केल्यापासून डावी बाजू वाजलीच नव्हती. मले वाटलं चिखल हाये. धुतली तरी वाजेना, तवा शक आला."

"मंग मी इतलं बोललो तुले... तोंड काऊन नाही उघडलं?"

"तुमचं शेवटचं काम होतं, अब्बा."

चाचा खाली, बंपरशेजारी बसले. उमैमा त्यांच्यासमोर बसली आणि दोघं रडली. आधी ती, मग ते. उकंडराव पाणी आणायला म्हणून गेला तो परत आलाच नाही. माझ्याही डोळ्यांना धारा लागल्या होत्या, लपवण्यात काही अर्थ नव्हता.

नवा बंपर मागवावा लागणार होता. तो पातळ रंगाचाच, आणि बसवल्यावर रडारची दिशा मशीनवर पुन्हा जुळवून घ्यायची. हे मी सांगून टाकलं. आमच्याकडं नियम असा की निकामी बंपर कापूनच भंगारात टाकायचा, नाहीतर कोणीतरी तो उचलून दुसऱ्याच्या गाडीला बसवतो. मी म्हणालो, "हा नाही कापत चाचा. घरी घेऊन जा."

"काऊन? नियम हाये ना?"

"हाये."

"मंग आण करवत."

मी आणली. त्यांनी डाव्या कोपऱ्यावर पातं टेकवलं, पण हात इतका थरथरत होता की पातं जागच्या जागी नाचत राहिलं. उमैमानं त्यांच्या हातावर आपला हात ठेवला. बापलेकीनं मिळून कापलं. मध्ये जाळी लागली तसा करवतीचा आवाज बदलला, तरी ती थांबली नाहीत. तुकडा खाली पडला.

चाचांनी तो उचलला, कापलेल्या कडेवर अंगठा फिरवला. रंग, पुट्टी, फायबर, जाळी, सगळे थर तिथं एकाखाली एक दिसत होते. मग त्यांनी तो डब्याच्या पिशवीत घातला.

"जनकाबाईच्या घरी जायचं हाये," ते लेकीला म्हणाले. "मले जायचं हाये. तू फक्त रस्ता दाखव."

फाटकापर्यंत मी त्यांच्यासोबत गेलो. तिथं ते थांबले आणि मी पोरगा असताना विचारायचे त्याच आवाजात त्यांनी विचारलं, "काम कसं होतं बे?"

खोटं बोलायची माझी छाती झाली नाही. "चाचा, जोड कुठं हाये ते मले हात फिरवूनबी सापडला नाही."

"हाव," ते म्हणाले. "जरा कच्चं केलं असतं, तं पोरीले ऐकू आलं असतं."