नऊ दुबई, एक मुंबई

ट्रॅव्हल एजंट एकदाचा ट्रिपच्या खर्चाचा कोट लिहून पाठवेल तर शपथ! मोहिद्दीन सगळं फोनवरच सांगतो, ते पण एका दमात. मग ते नीट चार भागांत लिहून ग्रुपवर टाकायचं काम कोणाचं? लिलीचं, म्हणजे माझं. कारण लिली ऑफिसात अ‍ॅडमिन आहे, लिलीला सवय आहे, लिलीला दुसरं काम काय!

आम्ही तीन फॅमिली, आमची, डॅरिलची आणि ख्रिस्तोफर-जोआनाची, दहा माणसं, सगळे वसईचे. ईदच्या सुट्टीत जॉर्जियाला जायचं ठरलं होतं. मी दुबईत कुसैसच्या घरी किचनमध्ये फोन स्पीकरवर ठेवला, लॅपटॉप ओट्यावर. मोहिद्दीन सुरू झाला. मी टाइप करत गेले.

पहिला दिवस तिबिलीसी, सिटी टूर. दुसरा गुदौरी, बर्फ. तिसरा काखेती, वाइन. चौथा मोकळा, पाचव्या दिवशी परत. मिळणार काय: चार रात्री हॉटेल, ब्रेकफास्ट, व्हॅन, गाइड, जाण्यायेण्याचं तिकीट, सात किलो हँडबॅग. मिळणार नाही: लंच, डिनर, चेक-इन बॅग, केबल कार, इन्शुरन्स. माणशी एकवीसशे पन्नास दिरहम, मुलांना पण तेवढेच. दहाचे एकवीस हजार पाचशे. म्हणजे आपले पाच लाखांच्या वर गेले, बाई.

"व्हिसा?" मी विचारलं.

"दुबई का रेसिडेन्स व्हिसा चालू है तो जॉर्जिया का व्हिसा नहीं लगता, मॅडम. नौ का कुछ नहीं. एक का ई-व्हिसा एक्स्ट्रा, गॅरंटी नहीं. रिटर्न नौ दुबई, एक मुंबई. मुंबई का टिकट भी एक्स्ट्रा."

माझ्या डोक्यात तिडीकच गेली. "हबीबी, कोणाचा कोट मला वाचून दाखवताय? आमच्यातलं कोणी मुंबईला जात नाही. दहाच्या दहा दुबईला परत."

मोहिद्दीन हळू आवाजात म्हणाला, "रॉक सर ने खुद बोला था, मॅडम. उनका व्हिसा कॅन्सल है ना. बाहर गये तो वापस एंट्री नहीं मिलेगी. मैं समझा आपको मालूम है."

रॉक माझा नवरा. त्याच सकाळी माझ्या हातचा डबा घेऊन इस्त्रीच्या शर्टात तो दुबई इन्व्हेस्टमेंट्स पार्कला ऑफिसला गेला होता. निदान मला तरी तसंच वाटत होतं. इथे नोकरी गेली की व्हिसा गेला. पण मी आणि आमची मुलगी फियोना माझ्या कंपनीच्या व्हिसावर, म्हणून घरात कसला कागद फिरला नाही, मला कळलं नाही. मोहिद्दीनला खलास म्हटलं आणि फोन ठेवला.

रॉक संध्याकाळी आला. मी लॅपटॉप त्याच्याकडे फिरवला. त्याने वाचलं आणि शूज न काढताच खाली बसला.

"कधी गेली नोकरी?"

"लेंटचे उपास लागायच्या आधी."

"आणि रोज डबा घेऊन कुठे जातोस?"

"कुठे पण. शारजाला रोल्लाच्या पार्कात. मॉलमध्ये. इंटरव्ह्यूला पण गेलो, लिली. ह्या वयात कोण घेतो?"

मी खूप बोलले. तोंडाला येईल ते बोलले. मेल्या, बायकोच्या आधी एजंटला सांगतोस? फियोना दारात येऊन म्हणाली, "मम्मा, व्हॉट हॅपन्ड?" तिला आत पाठवलं.

"तुला सांगितलं असतं तर तू ट्रिप कॅन्सल केली असतीस," रॉक म्हणाला. "मला तेवढे पाच दिवस तुमच्या सगळ्यांबरोबर पाहिजे होते. मग तिथूनच मुंबईला गेलो असतो."

खरंच केली असती मी कॅन्सल. आता पण करावीशी वाटत होती. पण तो गेल्यावर माझ्या एकटीच्या पगारात हे घर, फियोनाची शाळा. पुन्हा कधी जाणार होतो आम्ही तिघं कुठे?

ग्रुपवर जोआना विचारत होती, "लिली, डिटेल्स? रेट आजच्यापुरताच आहे ना?" रॉकला सोडून नऊच माणसं झाली तर व्हॅन-गाइडचा खर्च नऊ जणांत वाटायचा, सगळ्यांचा रेट वाढायचा. म्हणजे कारण सांगणं आलंच.

"काय लिहू?" मी विचारलं.

"आहे ते लिही," रॉक म्हणाला. "कळू दे एकदाचं. मला आता लपवणं जमत नाही."

मी सगळं पाठवलं. 'मिळणार नाही'च्या यादीत शेवटची ओळ साफ टाकली: रॉकचा ई-व्हिसा, रॉकचं मुंबईचं तिकीट. परतीत: नऊ दुबई, एक मुंबई.

रॉक माझ्या शेजारी बसून स्क्रीन बघत होता. डॅरिल आणि तो एकाच आळीतले, लहानपणापासूनचे. डॅरिल पहिला विचारणार, असं रॉक म्हणाला.

डॅरिलचा अंगठा आला. मग ख्रिस्तोफरचा. मग जोआनाने लिहिलं, "सुपर! टोटल ओके. जॅकेट कुठून घ्यायची?" आणि सगळे जॅकेटवर बोलायला लागले.

"थांब," रॉक म्हणाला, "वाचतील." आणि फोन हातातून सोडेना.